‘ब’ तुकडीची नवी इमारत परवडेल का? शाळेच्या विस्ताराचा एनपीव्ही काढण्याची रीत

शाळा वाढवायची ठरली की संस्थेच्या बैठकीत एक कागद फिरतो. एका बाजूला बांधकामाचा खर्च, दुसऱ्या बाजूला ‘वर्ग × विद्यार्थी × फी’, आणि खाली एक मोठी शिल्लक. तीन गोष्टी या कागदावर जवळजवळ हमखास चुकतात. पट वर्गावर्गाने चढतो, तो एकदम भरलेला दाखवतात. फी दरवर्षी वाढेल असे धरतात. आणि बांधकामाचा सगळा पैसा पहिल्याच दिवशी घालायचा, हे गृहीतच असते. एनपीव्ही म्हणजे पुढच्या वर्षांच्या शिलका आजच्या किमतीत आणून त्यातून बांधकामाचा खर्च वजा केल्यावर उरणारा आकडा. तो अधिक आला तर इमारत परवडते, उणे आला तर नाही. वरच्या तिन्ही चुकांमुळे हे उत्तर कसे फिरते ते एका नमुना शाळेवर आकडे मांडून पाहू. कागद-पेन्सिल चालेल, पण स्प्रेडशीट असेल तर बरे, कारण आकडे पुन्हापुन्हा बदलून पाहावे लागतात.

नमुना शाळा अशी: तालुक्याच्या गावातली, एका नोंदणीकृत संस्थेची स्वयंअर्थसहाय्यित शाळा. पहिली ते सातवी, प्रत्येक इयत्तेला एक तुकडी. प्रवेशाला गर्दी आहे म्हणून संस्थेला ‘ब’ तुकडी सुरू करायची आहे. त्यासाठी सात वर्गखोल्या लागतील. जागा संस्थेचीच आहे. प्रश्न एवढाच की ही इमारत बांधावी का, आणि बांधायची तर कशी.

## तयारी: आकडे मांडण्याआधी चार कागद

मागणीचा कागद. प्रवेश नाकारलेल्या पालकांची यादी काढा, पण तिच्यावर विसंबू नका. तेच पालक गावातल्या तीन शाळांत नाव लावून ठेवतात. यादीतल्या प्रत्येकाला फोन करून मूल सध्या कुठे आहे ते विचारा. जवळच्या बालवाड्या आणि अंगणवाड्यांत पुढच्या दोन वर्षांत पहिलीत येणारी मुले किती, तेही मोजा. ही संख्या दरवर्षी घटत असेल तर पुढचे गणित करण्याआधी इथेच थांबा.

गळतीचा कागद. ‘अ’ तुकडीची मागच्या सहा-सात वर्षांची हजेरीपत्रके काढा. एका वर्षी पहिलीत बसलेली मुले सातवीपर्यंत किती उरली, ते पाहा. दाखले किती गेले आणि मधल्या इयत्तांत नवीन किती आले, दोन्ही लिहा. हा आकडा संस्थेच्या कपाटातच असतो, तरी तो पाहायचे कुणाला सुचत नाही.

फीचा कागद. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार व्यवस्थापनाला शैक्षणिक वर्षाच्या किमान सहा महिने आधी फीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावा लागतो. मंजूर झालेली फी दोन शैक्षणिक वर्षे बांधून राहते. मागचे मंजूर ठराव समोर ठेवा. संस्थेने किती मागितले आणि समितीने किती दिले यातला फरक हाच तुमच्या पुढच्या अंदाजाचा पाया.

बांधकामाचा कागद. कंत्राटदाराच्या तोंडी दरावर जाऊ नका. वास्तुविशारदाकडून लेखी अंदाजपत्रक घ्या, आणि त्यात जीएसटी धरलेला आहे का ते विचारा. शाळेच्या फीवर जीएसटी नाही, त्यामुळे बांधकामावर भरलेल्या कराची वजावट शाळेला मिळत नाही. तो सगळा खर्चातच जातो.

> तपासा: नव्या तुकडीला शिक्षण विभागाची मान्यता लागते. मान्यतेच्या अर्जाची वेळ आणि बांधकाम पूर्ण होण्याची वेळ एकमेकींशी जुळते का? स्लॅब जुलैत पूर्ण झाला तर त्या वर्षीचा प्रवेश हातचा गेला, आणि मिळकत अख्खे वर्ष पुढे सरकली.

## पायरी १: फक्त नव्याने येणारा आणि जाणारा पैसा मोजा

प्रत्येक आकड्याला एकच प्रश्न विचारा: इमारत बांधली नाही तर हा पैसा येईल किंवा जाईल का? येणार किंवा जाणार असेल तर तो या गणितात नको.

मुख्याध्यापकांचा पगार आजही चालू आहे, तो धरायचा नाही. आराखड्याचे पैसे वास्तुविशारदाला देऊन झाले असतील तर तेही नाहीत; ते परत येणार नाहीत आणि पुढच्या निर्णयाने बदलणारही नाहीत. संस्थेच्या जागेची खरेदी किंमत धरू नका, पण ती जागा आज लग्नसमारंभांना भाड्याने जात असेल तर बुडणारे भाडे मात्र खर्चात धरा.

सगळ्यांत जास्त फसवणारी बाब पटाची. ‘अ’ तुकडीत आज दाटी आहे म्हणून तिथली आठ-दहा मुले ‘ब’ मध्ये बसवली तर वर्ग भरलेला दिसतो, पण संस्थेच्या हातात नवीन रुपया येत नाही. ‘ब’ च्या मिळकतीत फक्त इमारत नसती तर आलीच नसती अशी मुले धरा.

घसारा हा रोख खर्च नाही, तो इथे लिहायचा नाही. ‘डोनेशन’ नावाची ओळही या तक्त्यात येता कामा नये. कॅपिटेशन फीवर राज्यात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे, आणि त्या पैशावर उभे राहणारे गणित मुळातच बाद आहे. प्राप्तिकराच्या सवलतींबाबत संस्थेच्या सीएंना आधीच विचारा. नमुन्यात संस्थेला कर लागत नाही असे धरले आहे.

## पायरी २: पट वर्गावर्गाने चढवा

इथे सगळ्यांत जास्त वेळ द्या.

फिरत्या कागदावर ‘पहिल्या वर्षी ५० टक्के, दुसऱ्या वर्षी ७५, तिसऱ्या वर्षी पूर्ण’ असे लिहिलेले असते. सात वर्ग, प्रत्येकी ३२, म्हणजे २२४ मुले. त्यांची निम्मी ११२. गुणिले ३६,००० रुपये, म्हणजे पहिल्याच वर्षी ४० लाखांवर मिळकत. आता वर्गात जाऊन पाहा. पहिल्या वर्षी ‘ब’ तुकडी फक्त पहिलीत आहे. दुसरी ते सातवीच्या खोल्यांना कुलूप आहे, कारण तिथे बसणारी मुले अजून पहिलीत शिकत आहेत. दुसऱ्या शाळेतली तयार तुकडी उठून तुमच्या पाचवीत येणार नाही.

म्हणून तक्ता असा काढा. आडवी वर्षे, उभ्या इयत्ता. पहिल्या ओळीत त्या वर्षीचे पहिलीचे प्रवेश. बाकीच्या प्रत्येक चौकटीत मागच्या वर्षीची खालच्या इयत्तेची संख्या, वजा गळती. तुकडी तिरकी सरकत वर जाते, आणि एका वर्षाच्या उभ्या रांगेची बेरीज म्हणजे त्या वर्षीचा पट.

नमुन्यात पहिल्या वर्षी २४, दुसऱ्या वर्षी २८ आणि तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी ३२ मुले पहिलीत येतील असे धरले. नव्या तुकडीवर पालकांचा भरवसा बसायला दोन वर्षे जातात, म्हणून सुरुवात कमी. यांतल्या २५ टक्के जागा शिक्षण हक्क कायद्याखाली जातात. म्हणजे फी भरणारी मुले १८, २१ आणि मग दरवर्षी २४; आरटीईची ६, ७ आणि मग ८. (अल्पसंख्याक संस्थेला ही तरतूद लागू नाही, तुमची संस्था तशी असेल तर ही विभागणी वगळा.)

गळती म्हणून वरच्या वर्गात जाताना प्रत्येक तुकडीतून फी भरणारे एक मूल कमी होते असे धरले. आरटीईची मुले सहसा टिकतात, तिथे गळती धरलेली नाही.

यावरून फी भरणाऱ्या मुलांचा पट असा चढतो: १८, ३८, ६०, ८१, १०१, १२०, १३८, १४४, आणि नवव्या वर्षापासून १४७. शाळा ‘भरायला’ तीन वर्षे नाही, नऊ वर्षे लागली.

> तपासा: सातव्या वर्षापर्यंत पट सतत वाढत असेल आणि त्यानंतर जवळपास स्थिर होत असेल तर तक्ता बरोबर आहे. तिसऱ्या-चौथ्या वर्षीच स्थिर झाला असेल तर तुम्ही तुकडी तिरकी सरकवलेली नाही.

## पायरी ३: फी पायरीने वाढवा, सरळ रेषेत नाही

‘दरवर्षी ६ टक्के वाढ’ असे लिहिणे सोपे, पण मंजूर फी दोन वर्षे बांधलेली असते. म्हणून वाढ दर दोन वर्षांनी एकदा धरा. नमुन्यात पहिली दोन वर्षे ३६,०००, मग १२ टक्क्यांची उडी, पुन्हा दोन वर्षे तीच. स्प्रेडशीटमध्ये वर्षाचा क्रमांक A3 मध्ये असेल तर:

```
=36000*1.12^INT((A3-1)/2)
```

दरवर्षी ६ टक्के आणि दोन वर्षांनी १२ टक्के यांत फार फरक नाही असे वाटते. पण प्रत्येक सम वर्षी, म्हणजे दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या वर्षी, संस्था जुन्याच फीवर चालते आणि पगार मात्र वाढलेले असतात. या एका बदलाची नमुन्यातली आजची किंमत सुमारे १३ लाख रुपये निघते. हिशेबाच्या शेवटी हेच १३ लाख उत्तराची बाजू फिरवतात.

वाढीचा दर ठरवताना मागचे ठराव पाहा. समितीने मागच्या दोन वेळा ८ आणि ९ टक्केच दिले असतील तर १२ धरण्याला आधार नाही. मतभेद झाले तर विभागीय शुल्क नियामक समितीकडे जाता येते, पण त्या निकालाची वाट पाहत पगार थांबत नाहीत.

आरटीईच्या मुलांची प्रतिपूर्ती वेगळ्या ओळीत लिहा. नमुन्यात प्रतिविद्यार्थी वार्षिक १७,६७० रुपये धरले, त्यात वाढ शून्य, आणि रक्कम एक वर्ष उशिरा येते असे धरले. हा सौम्य अंदाज आहे. थकलेल्या प्रतिपूर्तीचा अनुभव बहुतेक संस्थांना आहे. आणखी दोन वर्षे उशीर झाला तर आजच्या किमतीत सात लाखांहून जास्त घट होते. आरटीईची मुले पूर्ण फीच्या ओळीत घालणे ही चूक अजूनही सर्रास दिसते.

फीची सगळी रक्कम वसूल होत नाही, हेही लिहा. नमुन्यात ९५ टक्के वसुली धरली.

## पायरी ४: खर्च वर्ग उघडेल तसा वाढवा

प्रत्येक नव्या वर्गाला एक शिक्षक, वर्षाला ३ लाख. पाचव्या वर्षी पाच वर्ग म्हणजे पाच शिक्षक. वर्गात १८ मुले असोत की ३०, पगार तोच. म्हणून हा खर्च मुलांच्या संख्येशी नाही, उघडलेल्या वर्गांशी बांधा. शिपाई, वीज, विमा, डागडुजी, रंगरंगोटी हा बांधील खर्च वर्षाला ४ लाख, पहिल्याच वर्षापासून, कारण रिकामी इमारतही झाडावी लागते. प्रत्येक मुलामागे साहित्य, परीक्षा वगैरेंचे २,५०० रुपये. हे सगळे पहिल्या वर्षाच्या दराने, आणि दरवर्षी ७ टक्के वाढ.

फीची वाढ वर्षाला सरासरी ६ टक्क्यांच्या किंचित खाली आणि खर्चाची ७ टक्के, ही विसंगती मुद्दाम ठेवली आहे. पगार दरवर्षी मागितले जातात, फी दोन वर्षांनी मिळते. दोन्हींना एकच दर लावला तर तक्ता खऱ्यापेक्षा गोड दिसतो.

> सावध: कर्जाचा हप्ता किंवा व्याज खर्चात लिहू नका. पैशाची किंमत सहाव्या पायरीत सवलतीच्या दरातून वजा होतेच. हप्ताही लिहिला तर एकच खर्च दोनदा धरला जातो. हप्ते भरायला रोकड पुरेल का, हा प्रश्न खरा आहे, पण त्यासाठी वेगळा तक्ता करा.

## पायरी ५: बांधकामाची पूर्ण किंमत

सात खोल्यांचे सुमारे ३,८०० चौरस फूट, वर व्हरांडा, जिना, स्वच्छतागृहे मिळून ५,००० चौरस फूट. १,९०० रुपये दराने ९५ लाख. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १७ लाखांहून थोडे जास्त. उरलेले २८ लाख आराखडा आणि परवानग्या, पाण्याची टाकी, अग्निसुरक्षा, वीजजोडणी, बाके-फळे, आणि अडीअडचणीसाठीची तरतूद. एकूण १४० लाख.

दर तुमच्या गावचे घ्या. माझा दर फक्त हिशेब दाखवण्यापुरता आहे. पण ‘९५ लाखांचे बांधकाम’ १४० लाखांपर्यंत जाते, हे अंतर मात्र बहुतेक प्रकल्पांत असतेच, आणि बैठकीत सहसा पहिलाच आकडा सांगितला जातो.

## पायरी ६: सवलतीचा दर आणि मुदत आधीच ठरवा

पुढच्या वर्षी येणारा रुपया आजच्या रुपयाहून कमी मोलाचा. किती कमी, हे सवलतीच्या दराने ठरते. विश्वस्त म्हणतात, ‘पैसे आमच्याच मुदतठेवीत आहेत, मग ठेवीचा दर घ्या.’ ते बरोबर नाही. ठेवीत मुद्दल सुरक्षित असते. नव्या तुकडीच्या फीत पट न भरण्याचा धोका आहे. दर बँकेच्या कर्जाच्या व्याजापेक्षा थोडा वरच असावा. नमुन्यात १२ टक्के घेतला.

फी आणि पगार महागाईसकट वाढवले आहेत, म्हणून दरही महागाईसकटचाच हवा. एक महागाईसकट आणि दुसरा महागाई वगळून, अशी सरमिसळ केली तर उत्तराला अर्थ राहत नाही.

मुदत नमुन्यात १५ वर्षे, आणि त्यानंतर इमारतीची किंमत शून्य. हे कडक आहे, कारण इमारत त्याहून जास्त टिकते. पण शाळेची इमारत संस्थेला सहजासहजी बाजारात विकता येत नाही, आणि पंधरा वर्षांनी गावात किती मुले असतील ते आज कुणी सांगू शकत नाही. मुदत २० वर्षांपर्यंत ताणली तर मोठ्या दुरुस्तीचा खर्च न धरता आणखी सुमारे २८ लाखांची भर पडते. एवढ्याने कुठलेही उत्तर फिरते. म्हणून मुदत आणि दर बैठकीच्या इतिवृत्तात आधी लिहा, आकडे नंतर मांडा. उत्तर उणे आले म्हणून मुदत वाढवणे म्हणजे निर्णय आधीच झालेला होता.

## पायरी ७: एनपीव्ही काढा

सगळ्या ओळी एकत्र केल्यावर नमुन्याचे काही निवडक वर्षांचे आकडे असे येतात. रक्कम लाखांत, पूर्णांकनामुळे दशांशात किंचित फरक दिसेल.

| वर्ष | फी भरणारी मुले | मिळकत (प्रतिपूर्तीसह) | खर्च | शिल्लक |
|---|---|---|---|---|
| १ | १८ | ६.२ | ७.६ | −१.४ |
| ३ | ६० | २५.३ | १७.२ | ८.१ |
| ५ | १०१ | ४८.५ | २९.४ | १९.० |
| ७ | १३८ | ७४.३ | ४४.७ | २९.६ |
| ९ | १४७ | ८८.८ | ५१.७ | ३७.२ |
| १२ | १४७ | ९८.५ | ६३.३ | ३५.२ |
| १५ | १४७ | १२१.० | ७७.५ | ४३.५ |

बांधकामाचे −१४० हे ‘शून्य’ वर्षात, F2 मध्ये. पुढच्या १५ वर्षांच्या शिलका F3 ते F17 मध्ये. सूत्र:

```
=NPV(12%, F3:F17) + F2
```

> सावध: `=NPV(12%, F2:F17)` असे लिहू नका. हे सूत्र पहिली रक्कम वर्षअखेरीची समजते, म्हणून आज जाणारे १४० लाखही वर्षभर पुढे ढकलले जातात. नमुन्यात उत्तर −९.७ ऐवजी −८.६ येते. चिन्ह बदलत नाही म्हणून चूक कुणाच्या लक्षात येत नाही.

पंधरा वर्षांच्या शिलकांची आजची किंमत १३०.३ लाख. बांधकाम १४०. एनपीव्ही म्हणजे निव्वळ वर्तमान मूल्य उणे ९.७ लाख.

आता शेजारी दोन गोष्टी ठेवा. फी दरवर्षी ६ टक्के वाढते असे धरले असते तर त्या १३ लाखांमुळे उत्तर अधिक ३.३ लाख आले असते आणि ठराव मंजूर झाला असता. दुसरे, साध्या बेरजेने १४० लाख नवव्या वर्षी वसूल होतात. बैठकीत ‘नऊ वर्षांत पैसे सुटतात’ हे वाक्य पटते, पण त्या नऊ वर्षांत अडकलेल्या पैशाची किंमत त्यात कुठेच नसते.

> तपासा: दहाव्या वर्षाची शिल्लक नवव्याहून कमी (३३.७) येते का? फी तीच, पगार वाढलेले, म्हणून ती कमीच यायला हवी. तुमच्या तक्त्यात दरवर्षी न चुकता वाढ दिसत असेल तर फीची पायरी कुठेतरी सुटली आहे.

## पायरी ८: कोणता आकडा उत्तर हलवतो ते शोधा

एका वेळी एकच आकडा बदला आणि एनपीव्ही किती हलतो ते लिहून ठेवा. सगळे एकदम बदलले तर काहीच कळत नाही.

नमुन्यात सगळ्यांत जड आकडा निघाला गळतीचा. प्रत्येक वर्गातून वर्षाला गळणारे ते एक मूल टिकले, किंवा त्याच्या जागी दुसरे आले, तर एनपीव्ही ३७ लाखांनी सुधारतो. कारण साधे आहे: शिक्षक, वीज, खोली यांचा खर्च आधीच झालेला असतो, टिकलेल्या मुलाची जवळजवळ सगळी फी शिल्लकच असते. उणे ९.७ चे शून्यावर यायला यातली एक चतुर्थांशाहून किंचित जास्त गळती थांबली तरी पुरते. चार तुकड्यांतून मिळून वर्षाला साधारण एक मूल जास्त टिकवायचे, असा त्याचा अर्थ.

म्हणून मुले कधी आणि का जातात ते पाहा. ती साधारणपणे चौथीनंतर जातात, कारण पालकांना पाचवीपासून दहावीपर्यंतची शाळा हवी असते. सातवीला संपणाऱ्या शाळेने हे गृहीत न धरता गळती सर्व वर्षांत सारखी पसरली तर पाचवी ते सातवीचा पट जास्त दिसतो. तुमच्या हजेरीपत्रकांत तशी उतरण दिसली तर तीच तक्त्यात उतरवा.

## पायरी ९: एकदम बांधायचे की मजल्याने

पाचवीची ‘ब’ तुकडी पाचव्या वर्षी उघडते. मग तिच्यासाठीची खोली आज का बांधायची? पहिल्या चार वर्षांत सातपैकी तीन खोल्यांना काम नाही.

दुसरी योजना मांडा. आता तळमजला: चार खोल्या, जिना, स्वच्छतागृहे, आणि पाया व खांब दोन मजल्यांना पेलतील असे. खर्च ८५ लाख. चौथ्या वर्षी वरचा मजला, तीन खोल्या, आजच्या दराने ५८ लाख. दोन्ही मिळून १४३. पुन्हा परांची, पुन्हा गच्चीचे काम म्हणून ३ लाख जास्त. बांधकामाचे दर वर्षाला ६ टक्के वाढतील असे धरले तर चौथ्या वर्षी ५८ चे ७३.२ लाख होतात. त्यांची आजची किंमत ४६.५ लाख. एकूण १३१.५.

एनपीव्ही −९.७ वरून −१.२ वर येतो. वरचा मजला महाग पडूनही साडेआठ लाखांची सुधारणा, आणि आता उत्तर शून्याच्या इतके जवळ की गळतीतली किरकोळ सुधारणाही ते पार करते.

या आकड्यात न दिसणारा फायदा त्याहून मोठा आहे. पट भरला नाही तर वरचा मजला बांधायचाच नाही. सगळी इमारत आधी बांधली तर ही वाट बंद होते.

> सावध: दोन्ही मजल्यांचा आराखडा आणि संरचनेची मोजणी सुरुवातीलाच करून घ्या. एका मजल्याच्या खांबांवर नंतर दुसरा चढवायचा बेत धोक्याचा आणि बहुतेक वेळा अशक्य असतो. वरचे काम सुरू असताना खाली मुले बसणार, तेव्हा स्लॅब आणि तोडफोडीची कामे दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतच होतील अशी अट कंत्राटात लिहा.

## पायरी १०: वरच्या मजल्याची अट आजच लिहा

चौथ्या वर्षी बैठकीत भावना असतील, अर्धी इमारत डोळ्यांसमोर असेल. म्हणून अट आजच्या ठरावात घाला. नमुन्यासाठी ती अशी: चौथ्या वर्षीच्या ३० सप्टेंबरच्या पटावर फी भरणारी मुले तक्त्याप्रमाणे ८१ हवीत. ७५ च्या वर असतील तर दिवाळीनंतर काम सुरू. ६५ ते ७५ असतील तर नवे आकडे घालून एनपीव्ही पुन्हा काढायचा, आणि या वेळी तळमजल्याचे ८५ लाख गणितात घ्यायचे नाहीत, कारण ते खर्च झालेले आहेत. फक्त वरच्या मजल्याचा खर्च आणि त्यामुळे येणारी पाचवी ते सातवीची शिल्लक तोलायची. ६५ च्या खाली असतील तर वरचा मजला थांबवून ‘ब’ तुकडी चौथीपर्यंतच ठेवायची, आणि पाचवीत ‘अ’ व ‘ब’ एकत्र बसू शकतील का ते पाहायचे.

ही शेवटची शक्यता पालकांना पहिल्याच वर्षी, प्रवेश देतानाच, लेखी सांगा.